शेरा पालकांपर्यंत पोचवताना

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मराठीत करून पाठवलेले तिसरीच्या प्रगतिपुस्तकांतले शेरे वाचले. भाषा स्वच्छ आहे, पण एका शेऱ्यापाशी मी अडले. बाईंनी लिहिलं होतं, ‘शी इज डेव्हलपिंग कॉन्फिडन्स इन रीडिंग.’ तू केलंस, ‘तिचा वाचनातला आत्मविश्वास वाढत आहे.’ हे वाचून आईवडील निर्धास्त होतील. इंग्रजी शाळांच्या शेऱ्यांत ‘डेव्हलपिंग’ म्हणजे बहुतेक वेळा ‘अजून अपेक्षित पातळीला पोचलेली नाही’. ते शिक्षकांना कळतं, घरी कळत नाही. पण म्हणून ‘वाचनात कच्ची’ असंही लिहू नकोस. तो शिक्का होतो, आणि मुलगी नेमकी कुठे अडते तेही त्यातून समजत नाही.

असा शेरा आला की आधी बाईंना गाठ. मुलीला काय जमतं, कुठे अडतं आणि वर्गाच्या मानाने ती कुठे आहे, एवढं विचार. समज, त्या म्हणाल्या, गोष्ट वाचून दाखवली की तिला सगळी समजते; स्वतः वाचताना लांब शब्द आला की थांबते आणि अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे जाते. मग मराठी आपोआप सुचतं :

‘गोष्ट ऐकून ती स्वतःच्या शब्दांत छान सांगते. इंग्रजी वाचताना मात्र लांब शब्दांपाशी अडते आणि अंदाजाने वाचते. तिसरीत अपेक्षित असलेल्या वाचनात ती सध्या मागे आहे.’

‘मागे आहे’ गाळू नकोस. कौतुक खरं आणि नेमकं असलं, की पालक तेही ऐकून घेतात. ‘हुशार आहे, पण...’ अशी सुरुवात केलीस तर ‘पण’च्या आधीचं कुणी खरं मानत नाही.

त्याच शेऱ्यात पुढे होतं, रोज घरी वाचून घ्या. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिने काय करायचं? इथे स्वतःच्या मनाने उपाय घालू नकोस. तो शेरा बाईंचा आहे. त्यांनाच सुचवून बघ : ‘रोज दहा मिनिटं तिला मोठ्याने वाचू द्या आणि मग काय वाचलं ते मराठीत सांगायला लावा.’ त्या हो म्हणाल्या तरच लिही. एवढं कुठल्याही घरात जमतं.

तयार वाक्यं चिकटवताना ‘करतो’, ‘करते’ तपास. मुलीच्या पुस्तकात ‘तो’ दिसला की पालकांना वाटतं, शेरा दुसऱ्याच कुणाचा आहे.

शेवटी शेरा मोठ्याने वाच. पुष्कळ घरांत तो ते मूलच आईबाबांना वाचून दाखवतं. त्याच्या तोंडी जे वाक्य जड जाईल, ते बदल.

उरलेले शेरे बाईंशी बोलून झाल्यावर पाठव.

तुझी,
मावशी