ठरवायचे मीच, बिलही मीच द्यायचे: त्याला रस आहे का?

«आम्ही सात-आठ महिने भेटतो आहोत. कधी भेटायचे, कुठे जायचे हे मीच ठरवते, बिल बहुतेक वेळा मीच देते आणि मी मेसेज केला नाही तर दोन-दोन दिवस त्याच्याकडून काहीच येत नाही. भेटल्यावर मात्र तो छान बोलतो, छान वागतो. त्याला माझ्यात खरोखर रस आहे की मीच ओढून धरले आहे?»

या प्रश्नाला उत्तर देताना मला पुण्यातल्या एका मुलीची हकीकत सांगावीशी वाटते. तिचे नाव मी मेघना असे बदलून लिहीत आहे आणि ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला होती. ज्याच्याविषयी ती बोलायला आली, तो सौरभ (हेही बदललेले नाव) सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करत होता. घरून येणाऱ्या पैशांत खोलीचे भाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवल्यावर त्याच्या हातात फारसे काही उरत नसे. मेघनाला हे माहीत होते, म्हणूनच आपण तक्रार करतो आहोत याचीच तिला लाज वाटत होती.

मी तिला पहिल्यांदा हे सांगितले की पैसे देणे, भेटीची आखणी करणे आणि आपणहून बोलायला सुरुवात करणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतली की कोणतीच नीट दिसत नाही. बिल कोण देतो यावरून मुख्यतः खिशाचा अंदाज येतो. ज्याची मिळकत नाही, त्याने बिल दिले नाही म्हणून त्याच्या मनाविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. आखणीवरून काही प्रमाणात सवय कळते, कारण काही घरांत मुलांना स्वतः काही ठरवायची वेळच येत नाही. पुढाकाराला मात्र पैसा लागत नाही आणि कौशल्यही लागत नाही. «गुरुवारी संध्याकाळी मोकळी आहेस का?» एवढे विचारायला अर्धे मिनिट पुरते. म्हणून रस आहे की नाही हे पाहायचे असेल, तर पाहणी पुढाकारापासून सुरू करावी.

दुसरी गोष्ट अशी की या बाबतीत स्मरणशक्तीवर विसंबून राहू नये. 1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी विवाहित जोडप्यांना, संसारातल्या वेगवेगळ्या कामांत तुमचा वाटा किती, असे वेगवेगळे विचारले होते. बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाच्या वर गेली. कोणी खोटे बोलत नव्हते. स्वतः केलेले काम जसे सहज आठवते तसे दुसऱ्याने केलेले आठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे «सगळे मीच करते» हे वाक्य मी खोटे मानत नाही, पण तपासल्याशिवाय पुरेही मानत नाही.

मी मेघनाला मागच्या दोन महिन्यांचे व्हॉट्सॲपवरचे बोलणे आणि यूपीआयची नोंद समोर ठेवून एका वहीत लिहायला सांगितले: प्रत्येक भेटीचा विषय कोणी काढला, दिवस आणि जागा कोणी ठरवली, पैसे कोणी दिले, भेट रद्द झाली असल्यास ती कोणी केली आणि रद्द झाल्यावर दुसरा दिवस कोणी सुचवला. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो, असा माझा अनुभव आहे. अडचण कोणालाही येऊ शकते. पण ज्याला भेटायचे असते, तो «आज जमत नाही» म्हणून थांबत नाही, त्याच श्वासात किंवा दुसऱ्या दिवशी «शनिवारी चालेल का?» असे विचारतो, कारण हुकलेली भेट त्यालाही लागलेली असते.

वही घेऊन ती आली, तेव्हा नोंदी तिच्या अपेक्षेपेक्षा थोड्या निराळ्या निघाल्या. भेटी अकरा ठरल्या होत्या. त्यांतल्या नवांचा विषय तिने काढला होता, पण दोनदा सौरभने «वेताळ टेकडीवर जाऊया का?» असे विचारले होते आणि दोन्ही वेळा तिने «तिकडे काय करायचे? त्यापेक्षा कॅफेत बसू» असे लिहून बेत बदलला होता. ते दोन मेसेज मी तिला पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितले. ज्या मुलाला कॅफेचे बिल परवडत नाही, त्याने आपल्या ऐपतीतला बेत मांडला होता आणि तो सहज बाजूला सारला गेला होता. असे पुन्हा पुन्हा झाले की काही माणसे सुचवायचे सोडून देतात आणि मग त्यांना रस नाही असा आपला समज होतो. हे ऐकून तिला वाईट वाटले, पण थोडा दिलासाही मिळाला.

रद्द झालेल्या भेटींच्या रकान्यात मात्र तो दिलासा टिकला नाही. चार भेटी सौरभने ऐनवेळी रद्द केल्या होत्या आणि चारही वेळा दुसरा दिवस मेघनानेच सुचवला होता. कारण प्रत्येक वेळी अभ्यासाचे होते आणि अभ्यास खराच होता. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा जवळ आलेल्या मुलाच्या डोक्यावर काय ओझे असते, ते या शहरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून मी तिला आणखी एक विचारले: तो इतरत्र काही ठरवतो का? तेव्हा ती थोडी थांबून म्हणाली की त्याच्या मित्रांच्या ट्रेकची सगळी जुळवाजुळव तोच करतो, एसटीच्या वेळा पाहणे, कोणाकडून किती वर्गणी घ्यायची, कोणाच्या खोलीवर जमायचे, सगळे.

माझ्या मते निदानाचा मुद्दा इथे आहे. माणूस परीक्षेच्या ताणाने किंवा नैराश्याने खचलेला असेल, तर त्याचा पुढाकार सगळीकडूनच आटतो. तो मित्रांचे फोन घेत नाही, घरी बोलत नाही, आवडीच्या गोष्टीही टाळतो. अशा वेळी तुमच्या बाबतीतली त्याची शांतता हे तुमच्यावरचे मत नसते आणि त्याला मदतीची गरज असू शकते. पण इतर सर्व ठिकाणी उत्साह शाबूत असेल आणि तो फक्त तुमच्यापाशी येऊन थंडावत असेल, तर स्वभाव, संकोच आणि कामाचा व्याप ही तिन्ही स्पष्टीकरणे बरीच दुबळी होतात.

मेघनाने तोवर ठरवून टाकले होते की आता आपणहून मेसेज करायचाच नाही, पाहू तो किती दिवसांनी करतो. ही परीक्षा जवळजवळ प्रत्येक जण घेतो आणि मी ती घेऊ नका असे सांगते. समोरच्याला आपली परीक्षा चालू आहे हे माहीत नसते. तो गप्प राहिला तर तो रागावला, गोंधळला की निर्धास्त झाला हे कळत नाही, आणि चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला तर त्या आनंदात मूळ प्रश्न विरून जातो. त्यापेक्षा एकदा स्पष्ट बोलावे, पूर्ण करता येईल अशी एकच मागणी करावी आणि नंतर महिनाभर पाहावे.

काय बोलायचे ते आम्ही दोघींनी बसून ठरवले. «तू कधीच काही करत नाहीस» हे वाक्य आम्ही काढून टाकले, कारण त्यावर वाद होतो आणि टेकडीचे दोन मेसेज दाखवून तो जिंकताही आला असता. तिने त्याला सांगितले ते असे: «टेकडीवर जायचे तू म्हणाला होतास आणि मी उडवून लावले, ते चुकले. पण भेटायचे दर वेळी मीच विचारते याने मला एकटे वाटते. पुढच्या महिन्यात दोनदा तरी तू ठरव. पैसे लागणार नाहीत असे ठरवलेस तरी मला आवडेल.»

पहिल्याच आठवड्यात त्याने टेकडीवर नेले, येताना दोघांनी टपरीवर चहा घेतला, पैसे त्याने दिले. मेघना फार खूश होती. तक्रारीनंतरचा पहिला आठवडा असा बऱ्याचदा चांगला जातो. त्यात अपराधीपणाचा जोर असतो. खरे चित्र त्यानंतरच्या तीन आठवड्यांत दिसते, म्हणून मी तिला घाईने अर्थ लावू नकोस एवढेच म्हटले. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याकडून काही आले नाही. तिसऱ्या आठवड्यात अभ्यासाचे कारण आले आणि त्याच रविवारी मित्रांबरोबर राजगडावर काढलेले त्याचे फोटो तिला स्टेटसवर दिसले.

तिने त्याला सरळ विचारले आणि त्याने सरळ उत्तर दिले, याबद्दल मला त्याचे कौतुकच वाटते. तो म्हणाला, «मला तू आवडतेस. भेटलो की बरे वाटते. पण मी याचा पुढे काही विचार केलेला नाही. तू विचारतेस म्हणून मी येतो.»

1938 साली विलार्ड वॉलर या समाजशास्त्रज्ञाने मांडले होते की ज्याला नाते टिकण्याची गरज कमी वाटते, त्याच्या हातात नात्याची सूत्रे अधिक जातात. दुसरा माणूस नाते तुटू नये म्हणून जास्त करत राहतो आणि त्या जास्त करण्यामुळेच पहिल्याला काही करण्याची वेळ येत नाही. सौरभ लबाड नव्हता. त्याला तिची सोबत आवडत होती; ती मिळवण्यासाठी स्वतःची एक संध्याकाळ खर्च करावी, इतकी मात्र ती हवी नव्हती. भेटल्यावर छान वागणे आणि भेट व्हावी म्हणून काही करणे यांत हे अंतर असते आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मेघनाने त्याला सांगितले की यापुढे मी विचारणार नाही, तुला भेटावेसे वाटले तर तू विचार. ही गुपचूप घेतलेली परीक्षा नव्हती, कारण आता दोघांनाही सारे ठाऊक होते. पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला: «काय गं, गायब?» तिने लिहिले, «आहे की. बोल.» त्याने एक हसरा इमोजी पाठवला आणि अभ्यास कसा चालला आहे ते सांगितले, भेटीचा विषय काढला नाही. असे मेसेज पुढेही दोन-तीनदा आले. प्रत्येक वेळी तिचे मन क्षणभर उचल खायचे, पण वहीतला तो रकाना आता तिच्या पाठ झाला होता: यात दिवस आहे का, वेळ आहे का, जागा आहे का? शेवटी तिने उत्तर देणे कमी केले. पुढची काही सत्रे आम्ही सौरभविषयी जवळजवळ बोललोच नाही. विचारल्याशिवाय आपल्याला कोणी बोलावणार नाही असे तिला लहानपणापासून का वाटत आले, यावर बोललो.

तुमच्या बाबतीत उत्तर निराळे निघू शकते. त्याची मिळकत, त्याच्यावरचा कामाचा ताण आणि त्याने सुचवलेले बेत तुमच्याकडून नकळत बाजूला पडले आहेत का, हे आधी पाहा. मग रद्द झालेल्या भेटी काढा आणि दुसरा दिवस कोणी सुचवला ते तारखेनिशी लिहा. त्याने एकदोनदा जरी स्वतःहून सुचवला असेल, तर मेघनाप्रमाणे स्पष्ट बोलून महिनाभर वाट पाहण्यात अर्थ आहे. तो रकाना पूर्ण रिकामा असेल आणि मित्रांसाठी मात्र त्याला सारे जमत असेल, तर बोलायचे तेव्हाही जरूर बोला, पण त्या संभाषणाला जाताना उत्तर बहुधा काय येईल याची मनाशी तयारी ठेवा.