बायनरी सर्च ट्री: दीड तासाची आखणी

फोंड्यात डिप्लोमाच्या मुलांना बायनरी सर्च ट्री ९० मिनिटांत शिकवायचंय. वेळ कसा वाटू?

इन्सर्शनला २० आणि सर्च-इनऑर्डरला १५ मिनिटं पुरतात. डिलीशनला मात्र ४० द्या, मुलं अडतात ती तिथंच. फळ्यावर ५०, ३०, ७०, ६०, ८०, ६५ याच क्रमानं घाला आणि ५० काढायला सांगा. उजव्या बाजूचा सर्वांत लहान ६०. तो रूटमध्ये लिहायचा. मग जुना ६० काढताना त्याचा ६५ हा ७०च्या डावीकडे जोडायचा. इथं बरीच मुलं ६०बरोबर ६५ही उडवतात. इनऑर्डर लिहायला लावलं की चूक उघडी पडते: ३०, ६०, ६५, ७०, ८० यायला हवं. उरलेल्या १५ मिनिटांत १०, २०, ३०, ४० घालून झाड एकाच बाजूला लांबताना वहीत काढू द्या. एव्हीएल पुढच्या तासाला.