'धावणं' ही क्रिया आहे तर मग ते नाम कसं? शब्दांच्या जाती अर्थावरून का ठरवत नाहीत?

प्रश्न: मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात 'क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद' असं दिलंय आणि खाली 'धावणं आरोग्याला चांगलं' यात धावणं हे नाम आहे असंही दिलंय. धावणं ही क्रिया नाही का? भाषाशास्त्रवाले म्हणतात की अर्थ बघूच नका, जागा आणि काम बघा. असं का?

उत्तर: मी परभाषिक मोठ्या माणसांना मराठी शिकवते, त्यामुळे या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडते. अर्थ माहीत असूनही शब्द वाक्यात कसा वागतो ते माहीत नसलं की काय होतं हे वर्गात लगेच दिसतं.

आधी 'लाज' घ्या. लाज, लाजणे, लाजरा. तिन्हींच्या मागे भावना एकच. पण 'तिला लाज वाटली' यात लाज नाम, 'ती लाजली' यात क्रियापद, 'लाजरी मुलगी' यात विशेषण. आता अर्थावरून सांगायचं झालं तर लाज ही वस्तू, घटना की गुण? तुम्ही म्हणाल, नाम आहे म्हणजे ते एका भावनेचं नाव. पण मग 'लाजली' हेसुद्धा त्याच भावनेबद्दल बोलतंय की. म्हणजे आपण आधी शब्दाची जात ओळखतो आणि मग तिला शोभेल असा अर्थ त्याला चिकटवतो, आणि तोच अर्थ पुन्हा पुरावा म्हणून पुढे करतो. अर्थाच्या व्याख्येची खरी अडचण ही आहे, ती गोल फिरते. भूकंप, लग्न, भांडण, पाऊस, सगळ्या घडणाऱ्या गोष्टी आणि सगळी नामं. उलट 'असणे' हे क्रियापद, पण 'घरात मांजर आहे' यात मांजर काय क्रिया करतंय? आणि गंमत म्हणजे खुद्द 'क्रिया' हा शब्द नाम आहे!

आता हे वाक्य वाचा, यातले चार शब्द मी आत्ताच बनवलेत:

कालच्या झिंबड्या टुपक्याने माझा भुंदा फसकवला.

अर्थ कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. तरी मराठी बोलणारा कोणीही सांगेल की टुपका आणि भुंदा ही नामं, झिंबडा हे विशेषण, फसकवणे हे क्रियापद. इतकंच नाही तर भुंदा पुल्लिंगी आहे हेही कळतं, कारण 'माझा' आणि 'फसकवला' दोघंही त्याच्याशी जुळवून घेतायत. टुपक्याचं मात्र सांगता येत नाही, तो 'टुपका' असेल नाहीतर 'टुपकं', दोघांचंही सामान्यरूप टुपक्या असंच होतं. म्हणजे कुठे कळतं आणि कुठे अडतं हेसुद्धा आपल्याला नेमकं सांगता येतं, आणि ही सगळी माहिती आली ती प्रत्यय, शब्दाची जागा आणि शेजारचे शब्द यांच्याकडून. जागा आणि काम बघा म्हणतात ते हेच.

मराठीत नामाच्या खुणा साधारण अशा की त्याला स्वतःचं लिंग असतं, विशेषण त्याच्यामागे लिंगवचन बदलतं, आणि -ने, -ला, -साठी लागताना त्याचं सामान्यरूप होतं. क्रियापदाला काळाचे आणि पुरुषाचे प्रत्यय लागतात, म्हणजे गेलो, गेलास, जाईल, जातात वगैरे. विशेषणाला स्वतःचं लिंग नसतं, ते शेजारच्या नामाकडून घेतं (तेही सगळी घेत नाहीत, 'लाल' आणि 'सुंदर' बदलतच नाहीत).

आता खरी कसोटी. 'हवा' आणि 'पाहिजे'. मला चहा हवा, मला चहा पाहिजे, अर्थ एकच. पण कॉफी आली की 'हवी' होतं, पाणी आलं की 'हवं', आणि पाहिजे मात्र पाहिजेच राहतं. माझे विद्यार्थी 'मला कॉफी हवा' म्हणतात ते अर्थ न कळल्यामुळे नाही, त्यांना अर्थ पक्का माहीत असतो. एकाच अर्थाचे दोन शब्द दोन तऱ्हेने वागतात, त्यामुळे अर्थ सांगून ही चूक सुधारतच नाही, वागणूकच शिकवावी लागते.

मग हवा म्हणजे चांगला, मोठा यांच्यासारखं विशेषण का? लिंग बदलतंय म्हणून पटकन तसं वाटतं. पण 'चांगली साडी' म्हणतो तसं 'हवी साडी' कोणी म्हणत नाही, 'हवी ती साडी घे' असं म्हणावं लागतं. शिवाय 'तू मला हवीस' म्हणता येतं. तो -स कुठून आला? 'तू गेलीस' मधला आहे तो, क्रियापदाचा! 'तू चांगलीस' होत नाही, तिथे 'तू चांगली आहेस' असंच म्हणावं लागतं. आणि 'आंबे हवेत' मधला -त हा 'आंबे पाहिजेत', 'आंबे नकोत', 'आंबे आहेत' मधलाच -त. म्हणून मी तरी हवा हे क्रियापदाकडे टाकते, 'गेला-गेली-गेलं' सारखं लिंग बदलणारं. पण त्याला स्वतःचा भविष्यकाळ नाही, 'हवा असेल' म्हणावं लागतं, म्हणजे क्रियापद म्हणूनही ते अपुरंच. पाहिजेचंही तेच, 'पाहिजे होतं', 'पाहिजे असेल'. पाहिजे हे 'पाहणे' या धातूचं जुनं कर्मणी रूप, एकेकाळी 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपं सर्रास होती, त्यातलं हे गोठून मागे राहिलंय, त्यामुळे बाकीची रूपं त्याच्याकडे नाहीत हे समजण्यासारखं आहे. एकाच खुणेवर निकाल दिला की फसायला होतं ते असं. चारपाच खुणा लावायच्या, आणि शब्द काहीत बसला काहीत नाही बसला तर तसंच लिहायचं, ओढूनताणून एका खान्यात कोंबायचं नाही.

आता तुमच्या मुलीच्या पुस्तकातल्या -णं कडे येते, फक्त धावण्याऐवजी 'खाणं' घेते कारण त्यात गोष्ट जास्त स्वच्छ दिसते. ही दोन वाक्यं बघा:

बाहेरचं खाणं बंद कर.
बाहेर खाणं बंद कर.

डॉक्टर यातलं कुठलंही म्हणाले तरी आपण वडापाव सोडणारच. पण पहिल्यात 'बाहेरचं' हे विशेषणासारखं खाण्याशी लिंगाने जुळतंय, म्हणून खाणं तिथे पुरतं नाम आहे, खाद्यपदार्थ. दुसऱ्यात 'बाहेर' हे क्रियाविशेषण आहे आणि ते नामाला असं थेट चिकटत नाही, ते चिकटतं क्रियापदाला. शिवाय दुसऱ्याला कर्म जोडता येतं, 'बाहेर भजी खाणं बंद कर', आणि 'न' सुद्धा लावता येतो, 'बाहेर न खाणं बरं'. पहिल्याला यातलं काहीच चालत नाही, 'बाहेरचं भजी खाणं' म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल.

पण मग दुसरं खाणं सरळ क्रियापद आहे का? नाही ना. 'त्याचं सारखं बाहेर भजी खाणं मला आवडत नाही' या वाक्यात 'त्याचं' बघा. तो खातो, म्हणजे करणारा 'तो', पण इथे तो षष्ठीत गेलाय जसा 'त्याचं घर' मध्ये असतो. आणि तो अख्खा तुकडा 'आवडत नाही' चा कर्ता झालाय, ते काम नामाचं. -साठी लावलं तर 'भजी खाण्यासाठी', नामासारखंच सामान्यरूप. म्हणजे हा शब्द आतल्या बाजूने क्रियापद, कर्म घेतो, क्रियाविशेषण घेतो, न घेतो, आणि बाहेरच्या बाजूने नाम. 'नाम की क्रियापद' असं एकच उत्तर मागितलं तर अर्धी माहिती फेकून द्यावी लागते. शाळेच्या व्याकरणात याला धातुसाधित नाम म्हणतात आणि ते नाव खरंच चांगलं आहे, दोन्ही बाजू त्यात आल्या.

अजून एक अवघड गिऱ्हाईक सांगते कारण ते मला फार आवडतं, 'माफ'. 'चूक माफ केली' यात 'केली' चुकीशी जुळतंय, माफशी नाही. तेच 'मदत केली' मध्ये 'केली' मदतीशी जुळतं, म्हणून मदत नाम. मग माफ नाम नाही. विशेषण? 'साफ खोली' होतं पण 'माफ चूक' होत नाही. -ने, -ला लागत नाही, काळ नाही, लिंग नाही. करणे आणि होणे यांच्या शेजारी तेवढं उभं राहतं. इंग्रजी क्रियापदं मराठीत येतात तीही याच जागेवर येऊन बसतात, 'फाइल डाउनलोड केली', 'फोटो डिलीट झाला'. त्यातलं डाउनलोड हळूहळू नामही झालंय ('डाउनलोडला वेळ लागतोय' आपण बोलतोच), डिलीट अजून तिथवर आलेलं मला ऐकू येत नाही. अर्थ दोन्हींचा क्रियेचाच, पण वाट वेगळी.

मग अर्थ अगदीच निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. वागणुकीवरून शब्दांचे गट पडले की त्यांना नाव काय द्यायचं हे ठरवायला अर्थ लागतो. ज्या गटात दगड, आई, झाड हे शब्द सापडतात त्याला आपण नाम म्हणतो, मग त्याच गटात लाज आणि भूकंपही असले तरी. जपानी किंवा तमिळमध्ये नाम कुठलं हे ओळखायलाही हीच सोय, नाहीतर एका भाषेच्या गटाची दुसरीच्या गटाशी जोडी लावणार कशी, प्रत्यय तर सगळे वेगळे.

आणि हा वाद परदेशातून आलाय असंही नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात यास्कांनी क्रियापद म्हणजे ज्यात 'भाव', म्हणजे घडणं, प्रधान आणि नाम म्हणजे ज्यात 'सत्त्व', म्हणजे वस्तू, प्रधान अशी अर्थावरूनच व्याख्या केली, पण लगेच त्यांना व्रजति आणि व्रज्या, म्हणजे 'जातो' आणि 'जाणं', यांचा खुलासा करावा लागला, तुमच्या मुलीला पडलेलाच प्रश्न. पाणिनींनी 'सुप्तिङन्तं पदम्' म्हणून मोकळं केलं, सुप् म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागला की एक प्रकार, तिङ् म्हणजे क्रियापदाचा लागला की दुसरा, अर्थाचा उल्लेखच नाही. त्यांनाही अव्ययांनी अडवलं, त्यांना तर प्रत्यय दिसत नाही. तिथे त्यांनी अव्ययालाही सुप् लागतो आणि मग त्याचा लोप होतो असं मानलं.

मुलीला सांगताना 'धावणं आरोग्याला चांगलं' या वाक्यात धावण्यामागे आधी 'रोज' घालून बघायला सांगा, मग 'रोजचं'. दोन्ही चालतात. 'रोज पहाटे मैदानावर धावणं' यात ते आतून क्रियापद, 'आजीचं रोजचं धावणं' यात नामाकडे झुकलेलं, आणि 'चांगलं' त्याच्याशी नपुंसकलिंगात जुळतंय म्हणून पूर्ण वाक्यात दोन्ही वेळा त्याचं काम नामाचंच. पुस्तकाने परीक्षेपुरतं 'नाम' लिहिलंय ते या शेवटच्या कामावरून, त्यामुळे ते उत्तर बरोबर आहे. तिने उद्या शब्दकोश उघडला तर मात्र तिथे 'धावणे' समोर अकर्मक क्रियापद असं दिसेल, कारण मराठी कोशात धातूची नोंद याच -णे रूपाने करायची पद्धत आहे, तेव्हा ते आधीच सांगून ठेवा.