टीएमटीत बीपी २२६ वर गेलं, आता जिममध्ये वजनं उचलू की नको?

"वय ४२, पुरुष, चिपळूण. टीएमटी निगेटिव्ह आली, पण रिपोर्टच्या खाली 'हायपरटेन्सिव्ह रिस्पॉन्स' लिहिलंय. सुरुवातीला उभ्याने १३४/८६, पहिल्या टप्प्यात १७८/८८, दुसऱ्यात २०२/९०, तिसऱ्याच्या शेवटी २२६/९४. गोळी कुठलीच चालू नाही. दोन वर्षं जिम करतोय, लेग प्रेसला ८० किलोचे जेमतेम १० होतात. जिम बंद करू का?"

बंद करू नका. पण उद्यापासून वजन उतरवा आणि पुढचा आठवडाभर घरी बीपी मोजा. नेहमीच्या वजनांकडे परत कधी जायचं, ते त्या आकड्यांवर ठरेल.

टीएमटी म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत-धावत ईसीजी आणि बीपी बघायची टेस्ट. ती 'निगेटिव्ह' म्हणजे धावताना हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण ईसीजीत दिसली नाही, एवढंच. बीपी ठीक आहे की नाही हे तो शब्द सांगत नाही. श्रमात वरचं बीपी चढायलाच हवं, कारण हृदय जास्त रक्त ढकलत असतं. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या त्याच वेळी उघडतात, म्हणून खालचं बीपी जवळपास तिथेच राहतं किंवा थोडं उतरतं. पुरुषात वरचं २१० च्या पुढे गेलं की ते जरुरीपेक्षा जास्त चढलं, म्हणजे 'हायपरटेन्सिव्ह रिस्पॉन्स', असं साधारणपणे धरतात, बायकांत १९०. २५० च्या पुढे गेलं तर सहसा टेस्ट थांबवतात. तुम्ही त्या रेषेच्या बरेच अलीकडे होता.

माझ्या मते तुमच्या रिपोर्टातला महत्त्वाचा आकडा २२६ नाही, १७८ आहे. टेस्ट नेहमीच्या ब्रूस पद्धतीने झाली असेल, तर पहिल्या तीन मिनिटांत पट्टा ताशी २.७ किलोमीटर चालतो आणि चढ १० टक्के असतो. बसल्या जागी शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्याला एक मेट म्हणतात. हा टप्पा साधारण ४.६ मेटचा, म्हणजे विश्रांतीपेक्षा ३.६ मेट जास्त. दर मेटमागे वरचं बीपी दहाच्या आसपास चढणं अपेक्षित असतं. या हिशेबाने १३४ वरून १७० च्या आत राहायला हवं होतं, तुमचं ४४ ने चढलं. पुढे तिसऱ्या टप्प्यापर्यंत, सुमारे दहा मेटला, एकूण वाढ ९२ झाली, म्हणजे मेटमागे दहाच. चढण सुरुवातीलाच जास्त उभी आहे.

आता हा पहिला टप्पा म्हणजे काय, ते बघा. बाजाराची पिशवी घेऊन घाटी चढून घरी येताना तुम्ही याहून जास्त श्रम करता. म्हणजे दिवसातून अनेकदा तुमचं बीपी १७०-१८० ला जाऊन येत असणार, आणि दवाखान्यात शांतपणे मोजलं की १३४ दिसणार. हलक्या श्रमातच १५० च्या वर जाणाऱ्यांत पुष्कळदा लपलेला रक्तदाब सापडतो. दवाखान्यात सीमेच्या आत, बाहेर मात्र चढलेला. एक शंका ठेवायला हवी: पट्ट्यावर पुढची दांडी घट्ट आवळून धरली असेल तर त्यानेही आकडा फुगतो. त्यामुळे एका रिपोर्टवर गोळी सुरू होत नाही, आधी घरचं मोजमाप.

सात दिवस, सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो उच्च रक्तदाबच. जिमवाल्यांची इथे एक हमखास चूक होते. बीपीच्या मशीनसोबत येणारा, दंडाला बांधायचा साधा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी असतो. तुमचा दंड ३५-३६ भरत असेल तर तो पट्टा बीपी खोटं जास्त दाखवेल. टेपने दंड मोजा आणि मोठा पट्टा मागवा.

वजनांचं गणित धावण्यापेक्षा वेगळं आहे. जड वजनाखाली ताणलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, त्यामुळे वरचं आणि खालचं दोन्ही चढतं. त्यात श्वास रोखून जोर लावला की छाती-पोटातला दाब थेट त्यात मिळतो. १९८५ साली कॅनडात शरीरसौष्ठव करणाऱ्या तरुणांच्या धमनीत नळी घालून मोजलं होतं. दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० निघाली आणि एकाचं ४८०/३५० पर्यंत गेलं. सेट संपताच हा दाब काही सेकंदांत कोसळतो. म्हणून सेटनंतर पट्टा बांधून 'बघा, १४० च तर आहे' म्हणण्यात अर्थ नाही, शिखर तोवर निघून गेलेलं असतं.

हे शिखर तीन गोष्टींनी चढतं: वजन किती, श्वास रोखला का, आणि सेट किती ताणला. तिसरी गोष्ट लोक विसरतात. मध्यम वजनसुद्धा हात-पाय थरथरेपर्यंत मारलं, तर शेवटच्या दोन-तीन रेप्समध्ये बीपी सगळ्यात वर जातं.

तुमचा हिशेब असा. ८० किलोचे १० होतात, म्हणजे एकदाच उचलता येईल असं वजन अंदाजे ८० × (१ + १०/३०), सुमारे १०७ किलो. ते खरोखर उचलून बघू नका. पायांना त्याच्या निम्मं, ५० ते ५५ किलो घ्या. छाती, खांदे, दंड यांना याच पद्धतीने काढलेल्या आकड्याच्या ३० ते ४० टक्के. रेप्स १२, आणि 'अजून तीन झाले असते' असं वाटतानाच थांबायचं. दोन सेटमध्ये पूर्ण दोन मिनिटं. आठवड्यात दोन-तीन दिवस पुरे. ढकलताना श्वास सोडा, आणि त्यासाठी रेप्स मोठ्याने मोजा. आकडा तोंडातून निघतोय तोवर श्वास रोखता येत नाही, जिममधले हसले तर हसू देत. मूठही दांडीवर गरजेपुरतीच आवळा. जड डेडलिफ्ट, ड्रॉप सेट आणि मिनिटभराहून लांबणारे प्लँक सध्या नकोत.

जिमला निघण्यापूर्वी बसून बीपी १६०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी वजनं नाहीत. विश्रांतीनंतर पुन्हा मोजूनही १८०/११० च्या वर राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सेटमध्ये डोक्यात अचानक सणकून कळ आली, छातीवर दाब आला, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर घरी जाऊन झोपून बघू नका, सरळ इस्पितळ गाठा.

प्री-वर्कआउट पावडर बंद करा, तिच्यातलं कॅफीन बीपी चढवतं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे पावसाळ्यात सुकट-बोंबलावर जेवण होतं आणि मोजमापाचा आठवडा नेमका त्यातच येतो. खाणं बदलू नका, नाहीतर सरासरी तुमची निघणार नाही. मीठ कमी करायचं ते नंतर.

सरासरी १३५/८५ च्या खाली आली तर महिनाभर हेच वजन ठेवून मग दर आठवड्याला अडीच किलोने वाढवा, ७० टक्क्यांच्या पुढे मात्र नको. वर आली तर सरासरीचा कागद आणि टीएमटीचा रिपोर्ट दोन्ही फिजिशियनकडे न्या. इको करून हृदयाची भिंत जाड झालीय का ते बघायला सांगा, लघवीतलं प्रथिनही. गोळी लागली आणि ती मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर असली, तर घड्याळातल्या नाडीवरून व्यायामाचा जोर ठरवू नका, ती मुद्दाम दाबलेली असते.

आणि जिमबाहेरचं एक वजन. घरचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, आणि पायऱ्यांवरून नेताना सगळेच श्वास रोखतात. तो दोघांनी धरून न्या.