वायरलेस पॅडवर ठेवला की फोन खूप तापतो, जाड कव्हर काढलं तर आणखीच गरम लागतो. मग कव्हर ठेवू की काढू? चार्जरही स्वस्तातला आहे. कधी घाबरायचं?

कव्हर काढा.

आता एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण "काढलं तर आणखीच गरम लागतो" हे वाक्य मी घरात वर्षभर ऐकलंय, त्यामुळे थांबवत नाही. मी मोबाईल दुरुस्तीच्या बेंचवर बसते. बाहेरचे लोक माझं ऐकतात. आमचे भाऊजी ऐकत नाहीत.

झालं असं की भाऊजींच्या फोनची बॅटरी म्हातारी झाली होती, ती मी बदलून दिली. आठ महिन्यांनी फोन परत माझ्यासमोर. एका बाजूने डिस्प्ले उचललेला, फटीत नख जाईल इतका. बॅटरी फुगली होती. भाऊजींनी फोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, ती बॅटरी कुठून आणली होती हो?" म्हणजे मी डुप्लिकेट टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

मी दुसरी बॅटरी टाकली आणि या वेळी म्हटलं, फोन रात्री कुठे ठेवता ते दाखवा. उशाशी गोल, गुळगुळीत वायरलेस पॅड. त्यावर फोन, फोनला ते चिलखती कव्हर, चांगलं चार मिलिमीटर जाड. फोन ठेवताना दिवा लागला की भाऊजींच्या मते काम झालं. मी म्हटलं, सकाळी किती टक्के असतो? तर म्हणाले, "कधी शंभर, कधी साठ. तुमची बॅटरी हो." आणि रात्रभर फोन व्हायब्रेटवर. प्रत्येक मेसेजला तो पॅडवर तसूभर सरकतो, हे मी तिथेच उभी राहून पाहिलं.

मग एका रविवारी मी मोजायलाच बसले. फोनच्या बॅटरीत तापमान मोजणारा सेन्सर असतोच, त्याचा आकडा अँड्रॉइड सांगतो. फोन वाय-फायवरून लॅपटॉपला जोडला, कारण वायर लावली असती तर तीच चार्जिंग करू लागली असती, आणि लॅपटॉपवर अँड्रॉइडच्या adb या साधनाने ही ओळ चालवली:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 342` असं येतं, म्हणजे ३४.२ अंश सेल्सिअस. दहाने भागायचं, बस.

तोच फोन, तीच खोली, दर वेळी थंड होऊ दिलेला आणि तीस टक्क्यांच्या आसपासून सुरुवात. साध्या चार्जरने, वायर लावून, कव्हर काढून अर्ध्या तासाने ३४.२. पॅडवर बरोबर मध्ये, कव्हर काढून ३७.८. पॅडवर मध्येच, पण कव्हर घालून ४०.६. मग मी फोन अंगठ्याएवढा बाजूला सरकवला, कव्हर तसंच. पंचवीस मिनिटांत ४४.९ आणि पॅडचा दिवा लुकलुकायला लागला, चार्जिंग बंद. फोन जरा निवला की पुन्हा सुरू, पुन्हा तापला की बंद. भाऊजींचा फोन रात्रभर हेच करत होता, आणि सकाळी साठ टक्के.

आता खरी गंमत. ४४.९ असताना मी भाऊजींना म्हटलं, हात लावून बघा. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. "कोमट आहे. बघा, कव्हर गरमी रोखतं." मी कव्हर ओढून काढलं आणि म्हटलं, आता लावा. त्यांनी हात मागे घेतला. "हेच तर म्हणतोय, कव्हर काढलं की तापतो!"

कव्हर गरमी रोखतं, कबूल. पण आत. रबर, सिलिकॉन, प्लास्टिक यांतून उष्णता फार हळू बाहेर पडते. हाताला कळतं ते हातापर्यंत किती उष्णता पोचते एवढंच, आत बॅटरी किती तापली आहे ते कळत नाही. कव्हर काढल्यावर जो चटका बसतो ती आतली गरमी बाहेर येत असते, आणि ती बाहेरच यायला हवी. कव्हर काढल्या-काढल्या गरम लागणारा फोन दहा मिनिटांत निवतो. कव्हरमध्ये कोमट लागणारा फोन तासभर तसाच शिजतो. तुमच्या प्रश्नातलं "आणखीच गरम लागतो" ते हेच.

बाजूला सरकल्यावर इतका का तापतो, हे मात्र कव्हरपेक्षा महत्त्वाचं आहे. पॅडमध्ये एक कॉइल, फोनच्या पाठीत दुसरी, मध्ये वायर नाही. नीट समोरासमोर असल्या तरी साधारण पाव ते तिसरा हिस्सा वीज वाटेतच उष्णता होऊन जाते, वायरने जाते त्यापेक्षा बरीच जास्त. फोन पॅडला सतत निरोप देत असतो, थोडी वाढव, थोडी कमी कर. कॉइल सरकल्या किंवा जाड कव्हरने लांब गेल्या की फोनला हवी तेवढी वीज मिळत नाही, तो वाढव म्हणतो, पॅड आपल्या कॉइलमध्ये आणखी करंट सोडतो. पॅड तापतो आणि फोन त्याच्यावरच पडलेला असतो, म्हणजे खालूनही शेक. शिवाय फोनच्या कॉइलमागे फेराइटचा पातळ थर असतो, तो चुंबकीय क्षेत्र आवरून धरतो. फोन सरकला की क्षेत्राचा काही भाग त्या थराच्या बाहेरून आतल्या धातूवर पडतो, त्या धातूत करंट फिरायला लागतात आणि तोच तापतो. कारमधल्या चुंबकी होल्डरसाठी कव्हरच्या आत लोखंडी चकती ठेवतात ना, ती पॅडवर अशीच तापते. ती तर आधी काढा.

चुंबकाने चिकटणारे पॅड म्हणूनच आले. 'Qi2' लिहिलेल्या पॅडमध्ये चुंबकांचं कडं असतं, ते फोनच्या कड्याला धरून कॉइल समोरासमोर आणतं. पण फोनमध्ये, किंवा कव्हरमध्ये, तसं कडं असेल तरच. नुसता महागडा पॅड आणून साध्या कव्हरवर ठेवला तर तो सरकायचा तो सरकणारच.

इतक्या गरमीने बॅटरी फुटत नाही, हेही सांगते, उगाच घाबरू नका. ४५ अंशांच्या आसपास बहुतेक फोन स्वतःच चार्जिंग हळू करतात किंवा थांबवतात. नुकसान होतं ते रोज थोडं थोडं. भरलेली बॅटरी आणि वर गरमी, या दोन्ही एकत्र रात्रभर राहिल्या की आतलं रसायन मोडत जातं, गॅस तयार होतो आणि आठ-दहा महिन्यांनी डिस्प्ले उचलतो. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय फोनमध्ये असेल तर रात्रीसाठी ती लावा.

स्वस्त चार्जरबद्दल. तो फोनमध्ये जास्त करंट "ढकलतो" असं लोक समजतात. फोन त्याला लागेल तेवढाच घेतो, घ्यायचं काम फोनमधला चार्जिंग आयसी करतो. स्वस्त चार्जरची भीती वेगळी आहे. भिंतीतल्या विजेची बाजू आणि तुमच्या हातात येणारी बाजू यांत जे अंतर आणि इन्सुलेशन हवं, तिथे पैसे वाचवलेले असतात. मी उघडलेल्या एका चार्जरमध्ये दोन बाजूंच्या तांब्याच्या रेषांत जेमतेम एक मिलिमीटर अंतर होतं, असायला हवं निदान पाचेक. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप टच व्हायला लागली, चार्जरमधून चिरचिर आवाज आला किंवा जळका वास आला, तर तो फेकून द्या. कोणाला देऊ नका.

घाबरायचं कधी, तर गरमी कुठे आहे आणि केव्हा आहे ते बघा. सुरुवातीचा अर्धा तास सगळी पाठ कोमट, ऐंशी टक्क्यांच्या पुढे हळूहळू निवते, हे नेहमीचं. फक्त चार्जिंगच्या पोर्टाशी चटका लागतो आणि बाकी फोन थंड, म्हणजे पोर्टात कचरा आहे किंवा पिन सैल झाली आहे, लगेच वायर काढा. चार्जर काढून फोन नुसता पडलाय तरी एकाच जागी गरम राहतो, किंवा स्क्रीन उचललीय, पाठ फुगलीय, गोडसर रसायनासारखा वास येतोय, तर चार्जिंग कायमचं बंद. फरशीवर, कापडापासून लांब ठेवा, दाबून बसवू नका, आणि दुरुस्तीला न्या. फ्रीजमध्ये कोणी ठेवायला सांगेल, ठेवू नका, आत पाणी जमतं.

तुमचा फोन कुठला, पॅड किती वॉटचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझे आकडे तुमच्याकडे जसेच्या तसे येणार नाहीत. गेम खेळत चार्ज करत असाल किंवा फोन उन्हात पडत असेल तर हे सगळं बाजूला, आधी ते थांबवा. आणि हो, एखादी बॅटरी मुळातच खराब निघते, तसंही होतं. भाऊजींची ती पहिली तशी नव्हतीच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भाऊजी आता रात्री साधा चार्जर लावतात, कव्हर काढून. दीड वर्ष झालं, फोन ठणठणीत आहे. ते सगळ्यांना सांगतात, "या वेळी वहिनींनी ओरिजिनल टाकली." दोन्ही बॅटऱ्या एकाच खोक्यातल्या होत्या, शेजारशेजारच्या.