दोन करड्या टिकांचं भांडण

‘गावाला जाताना माझा फोन हरवला, गावात रेंज नव्हती. दोन दिवस बायकोला काही कळवता आलं नाही. मी खरं तेच सांगतोय, पण तिला ती थाप वाटते. तिला पटेल असं कसं सांगू?’

तुमच्यासारखंच एक जोडपं काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढा बदल करून त्यांची गोष्ट सांगते. तुमचं उत्तर बरंचसं तिच्यातच आहे.

तो मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघायचा. घर धनकवडीत, मुलगी चार वर्षांची. शुक्रवारी रात्री तो स्वारगेटहून दापोलीच्या गाडीत बसला. जमिनीची मोजणी होती. महाडला जाग आली तेव्हा खिशात फोन नव्हता. गाव डोंगरापलीकडे, चुलत भावाच्या फोनला रेंज हवी असेल तर देवळामागच्या टेकाडावर चढावं लागायचं. रविवारी रात्री तो घरी परतला.

इकडे शुक्रवारी मध्यरात्री मुलीला 102 ताप चढला. ही एकटीच. रिक्षा मिळेपर्यंत पोरीला खांद्यावर घेऊन कोपऱ्यावर उभी राहिली. त्याला सतरा फोन केले.

पहिल्या भेटीला तो प्लास्टिकची फाइल घेऊनच आला. आत फोन हरवल्याच्या तक्रारीची प्रत, एसटीचं तिकीट, नव्या सिमची पावती. एकेक कागद त्याने टेबलावर मांडला. तिने एकाकडेही पाहिलं नाही. पुरावे मांडणारे नवरे मी बरेच पाहिलेत आणि मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते खोटं बोलत नसतात. पण ज्या बाईने ती रात्र एकटीने काढली, तिला कागद पुढे आले की आपल्यावरच खटला चाललाय असं वाटतं. म्हणून मी फाइल बंद करायला सांगितली आणि तिला विचारलं, “नेमकं कुठे खटकलं?”

ती लगेच म्हणाली, “शनिवारी सकाळी नऊ वाजता व्हॉट्सॲपवर दोन टिका आल्या. रात्रभर एकच होती. फोन हरवला होता, तर मेसेज पोचले कोणाला?”

त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं. तो नुसता “मला खरंच माहीत नाही” म्हणत राहिला, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी घट्ट होत गेला. मी विचारलं, व्हॉट्सॲप आणखी कुठे चालू असतं? दुकानातल्या कॉम्प्युटरवर, तो म्हणाला. ब्राउझर उघडला की ते पान आपोआप उघडायचं. शनिवारी नऊला दुकानातल्या पोऱ्याने नेहमीसारखा कॉम्प्युटर लावला होता.

दोन करड्या टिका म्हणजे मेसेज फोनवर किंवा जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या यंत्रावर पोचला. फोन बंद असला तरी जोडलेल्या कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप 14 दिवसांपर्यंत चालू राहतं. हे मी तोंडी सांगत बसले नाही. त्याचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपला जोडलं, फोन बंद करून तिच्याच हातात दिला आणि तिला मेसेज पाठवायला सांगितलं. तिने नुसतं ‘अ’ टाइप केलं. दोन टिका आल्या. तिने हातातला बंद फोन उलटा करून पाहिला, मग पुन्हा आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

आणखी एक शंका तिथेच मिटली. सोमवारी दुपारी त्याने नवं सिम घेतलं, फोन लागायला लागले, पण व्हॉट्सॲप मंगळवारपर्यंत बंदच. ‘आत काहीतरी पुसत असणार’ असं तिच्या बहिणीने तिच्या मनात भरवलं होतं. सिम बदललं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद ठेवतात, त्यामुळे व्हॉट्सॲपचा कोडही येत नाही. तो कोड फोन कॉलवर मागवता येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

इथे प्रकरण संपेल असं मला वाटलं होतं. पण ती हळूच म्हणाली, “भावाचा फोन होता ना? टेकाडावर एकदाही नाही चढलास?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, चढलो होतो. शनिवारी दुपारी. दुकानाचा नंबर पाठ होता, शेठना सांगितलं की सोमवारी उशिरा येईन. हिचा नंबर पाठ नव्हता. शेठना ‘घरी निरोप द्या’ म्हणता आलं असतं. म्हटलं, उद्या जातोच आहे.

ही एक गोष्ट त्याने आठवडाभर दाबून ठेवली होती, सांगितली तर आणखी बिघडेल म्हणून. बिघडलं तेच ती दाबल्यामुळे. बाकीचं सगळं खरं असूनही त्याच्या बोलण्यात शनिवारची दुपार नव्हती. ती प्रत्येक वेळी त्याच जागेवर अडखळायची. फोन हरवल्याच्या गोष्टीत अशी एक जागा बहुतेक असतेच: हाताशी दुसऱ्याचा फोन आलेला असतो आणि आपण केलेला नसतो. आळस, लाज, ‘जातोच आहे’, काहीही. माणूस नेमकी तीच गाळतो आणि रेंजचं वर्णन वाढवतो.

ती चिडली, रडली. “शेठ आठवले, आम्ही नाही,” म्हणाली. पण हा राग होता. संशय मावळला होता. राग आला की माणूस निदान बोलतो. त्याला मी एवढंच सांगितलं, की आता सफाई देऊ नको, शुक्रवारी रात्री काय काय झालं ते तिला विचार. तिने रिक्षाचं सांगितलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की मुलीला सलाईन लावलं होतं. घरी आल्या आल्या तो स्वतःच्याच हालांबद्दल बोलत सुटला होता, ते ऐकायचं राहूनच गेलं होतं.

तर तुम्हीही आधी तिचे दोन दिवस ऐका. मग तुमचे तासावारी, एकदाच, गाळलेली जागा धरून सांगा. तिने विचारलं तरच कागद काढा. ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही’ हे वाक्य टाळा. त्याने तिची काळजीच गुन्हा ठरते. मात्र तुम्ही याआधी खरोखर खोटं बोलला असाल, तर ती जुनी गोष्ट आधी बोलावी लागेल. आणि फोन हातात असतानाही दर तासाला फोटो पाठवून कुठे आहात ते सिद्ध करावं लागत असेल, तर तो प्रश्न रेंजचा नाही. त्यासाठी दोघांनी मिळून कोणाकडे तरी जावं.

त्या दोघांनी पुढे साधी सोय केली. निघताना तो सांगतो की ताम्हिणीनंतर फोन लागणार नाही आणि किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही. पाकिटात चिठ्ठीवर तीन नंबर असतात. शेवटच्या भेटीत त्याने तिचा नंबर न बघता म्हणून दाखवला. सातव्या आकड्यावर अडला. तिने तो सांगितला नाही, वाट पाहिली.