सही करता येत नाही, तेव्हा खातं अंगठ्यावर कसं चालतं?

प्रश्न: वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात चालत नाही, बोलणंही अडखळतं. पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. अंगठा लावून पैसे काढता येतील का? साक्षीदार म्हणून मी आणि आई चालू का?

उत्तर:

पैसे काढता येतील, आणि त्यासाठी वडिलांना बँकेत उचलून न्यायची गरज नाही. मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. आजारी आणि वृद्ध खातेदारांच्या अंगठ्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत, त्यामुळे काउंटरवर कोणी 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणालं तर थेट मॅनेजरकडे जा.

साक्षीदार दोन लागतात. दोघे स्वतंत्र आणि बँकेच्या ओळखीचे हवेत, आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. लोकांची गाडी इथेच अडते. घरी स्लिपवर अंगठा घेतात, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतात आणि काउंटरवर देतात. ती स्लिप परत येते, कारण अंगठा खातेदाराचाच आहे हे बँकेच्या माणसाने पाहिलेलं नसतं. म्हणजे तुम्हाला साक्षीदार शोधायचा तो एकच. त्याच शाखेत खातं असलेले शेजारी किंवा ओळखीचे निवृत्त शिक्षक सगळ्यात बरे. रोख तुम्ही आणणार असाल तर तुम्ही साक्षीदार नाही. आईचाही त्या पैशांशी संबंध आहे, तिलाही स्वतंत्र म्हणता येणार नाही.

आता समजा दवाखान्यासाठी ४०,००० रुपये काढायचे आहेत. आधी मॅनेजरच्या नावे साधा अर्ज द्या आणि सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. 'उजव्या हाताने सही करता येत नाही' एवढंच लिहून आणू नका. उजव्या अंगाच्या झटक्यात वाचा जाऊ शकते, पण समज बऱ्याचदा शाबूत असते. 'रुग्ण शुद्धीवर आहे, बोललेलं समजतं, मान हलवून होकार-नकार देतो' हे वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्या. अधिकाऱ्याला नेमकी हीच खात्री हवी असते.

मग अधिकारी घरी येतील. ७० वर्षांवरील खातेदारांना आणि आजारी, अपंग खातेदारांना घरपोच रोख देण्यासारख्या सेवा द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळवलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. आल्यावर ते वडिलांना रक्कम वाचून दाखवतील आणि 'हे पैसे काढायचे का?' असं विचारतील. त्या वेळी मधे बोलू नका, उत्तर वडिलांना देऊ द्या.

स्लिप तारीख आणि अक्षरी रकमेसकट आधी पूर्ण भरा. कोऱ्या स्लिपवर अंगठा कधीच घेऊ नका, 'पुढच्या महिन्याला उपयोगी पडेल' म्हणूनही नाही. वडिलांचा उजवा हात गेला असल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या. अंगठा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, पॅडवर हलकेच टेकवा आणि कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे एकदाच फिरवा. जोरात दाबला तर नुसता काळा डाग उठतो, रेषा दिसत नाहीत. ठशाशेजारी 'डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा' आणि वडिलांचं नाव लिहा. खाली दोन्ही साक्षीदारांनी नाव, पत्ता घालून सही करायची.

रोख कोण आणणार हे वडिलांनी बँकेला सांगायचं असतं. तुमचं नाव दिलं की तुमची ओळखही दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवायची, आणि तुमच्या सहीचा नमुना बँक ठेवून घेते.

अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तेही शक्य नसेल तर वडिलांनी केलेली एखादी खूण चालते. साक्षीदारांचा नियम तोच.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. माणूस बेशुद्ध असेल किंवा काय चाललंय हे त्याला समजत नसेल, तर त्याचा हात धरून उमटवलेला ठसा म्हणजे त्याची संमती नव्हे. असा ठसा कोणताही जबाबदार अधिकारी प्रमाणित करणार नाही. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात बराच वेळ जातो.

म्हणून वडिलांना समजतंय तोवर, अधिकारी घरी येतील त्याच दिवशी, खात्यात आईचं नाव जोडण्याचा फॉर्मही अंगठ्यावर करून घ्या. पेन्शनचं खातं पती-पत्नीच्या नावे 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने ठेवता येतं. त्यानंतर आई एकटीच्या सहीने पैसे काढू शकेल आणि दर महिन्याला अधिकाऱ्यांना घरी बोलवावं लागणार नाही. हयातीचा दाखला मात्र वडिलांचाच लागेल.